पहिलं मिनिट आणि कुजलेलं कूलंट

भोसरी-चाकण पट्ट्यात मी बरीच वर्षं औद्योगिक तेलं विकली. शेवटची काही वर्षं स्वतः विकण्यापेक्षा नव्या पोरांबरोबर ‘जॉइंट कॉल’ला जाणं हेच माझं काम होतं. पोरानं बोलायचं, मी शेजारी गप्प बसायचं आणि बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर त्याची हजेरी घ्यायची. त्या गप्प बसण्यात एक गोष्ट लक्षात आली. भेट बिघडते ती भावावरून किंवा मालावरून फार क्वचित. ती बहुतेक वेळा पहिल्याच मिनिटात, पोरगा स्वतःची आणि कंपनीची ओळख करून देत असताना बिघडते.

एक भेट अजून आठवते. कारखाना मध्यम आकाराचा, चौदा सीएनसी लेथ, ट्रॅक्टरच्या बिडाच्या भागांचं मशीनिंग. समोर परचेसचे साहेब. पोरगा नवा, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेला, ट्रेनिंगमध्ये पाठ केलेलं सगळं जिभेच्या टोकावर. त्यानं खुर्चीवर बसता बसता व्हिजिटिंग कार्ड पुढे केलं आणि सुरुवात केली, “गुड मॉर्निंग सर, मायसेल्फ अमुक अमुक. आमची कंपनी गेली अनेक वर्षं औद्योगिक तेलांच्या क्षेत्रात अग्रेसर आहे. आमच्याकडे आयएसओ प्रमाणपत्र आहे, स्वतःची लॅब आहे. कटिंग ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, ग्रीस, रस्ट प्रिव्हेंटिव्ह अशी संपूर्ण रेंज आहे. आमची क्वालिटी एकदम बेस्ट आणि रेटही कॉम्पिटिटिव्ह आहेत सर.” एवढं बोलून त्यानं बॅगेतून कॅटलॉग काढला.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कॅटलॉग चाळला आणि म्हणाले, “ठीक आहे, हा ठेवून जा. रेट मेल करा.” सहाव्या मिनिटाला आम्ही गेटवर रजिस्टरमध्ये बाहेर जाण्याची वेळ लिहीत होतो. सेल्समध्ये ‘रेट मेल करा’ या तीन शब्दांचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. पोरालाही तो होता, फक्त चूक कुठे झाली ते कळत नव्हतं.

मग टपरीवर आम्ही ते मिनिट सोलून पाहिलं.

पहिली गडबड कार्डाची. कार्ड हातात आलं की माणूस ते वाचतो. तुम्ही त्याच वेळी बोलत असाल तर तुमचं पहिलं वाक्य वाया जातं. कार्ड द्यावं, साहेबांची नजर त्यावरून फिरून वर येऊ द्यावी आणि मग तोंड उघडावं. त्याला दोन-तीन सेकंदं लागतात. नव्या पोराला तेवढी शांतता सहन होत नाही.

दुसरी गडबड मोठी होती. समोरचा माणूस त्या मिनिटात तुमची कंपनी समजून घेत नसतो. तो फक्त ठरवत असतो की तुम्हाला कोणत्या कप्प्यात टाकायचं. परचेसवाल्याकडे आठवड्याला कितीतरी प्रतिनिधी येतात, प्रत्येकाची क्वालिटी बेस्ट आणि प्रत्येकाचा रेट कॉम्पिटिटिव्ह. पोरानं चार प्रकारची तेलं सांगितली, त्यामुळे साहेबांनी त्याला ‘तेलवाले’ या जुन्या, गच्च भरलेल्या कप्प्यात टाकलं. त्या कप्प्यातल्या सगळ्यांना एकच प्रश्न विचारला जातो, लिटरचा भाव. पोरानं ओळखच अशी करून दिली की साहेबांकडे दुसरा प्रश्न उरला नाही.

इंग्लंडचे नील रॅकहॅम या विषयाचा पाठपुरावा करणारे गृहस्थ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा वर्षांत सुमारे ३५,००० विक्रीभेटींचा अभ्यास केला आणि १९८८ मध्ये ‘स्पिन सेलिंग’ हे पुस्तक आलं. सुरुवात कशी करावी याबद्दल त्या काळी दोन सल्ले सर्रास दिले जात. एक, ग्राहकाच्या घरादाराच्या, छंदाच्या गप्पांनी सुरुवात करा. दोन, आपल्या मालाचा मोठा फायदा पहिल्याच वाक्यात सांगा. मोठ्या व्यवहारांत या दोन्हींचा यशाशी संबंध रॅकहॅमना दिसला नाही. त्यांच्या मते सुरुवातीला तीनच गोष्टी व्हाव्या लागतात: तुम्ही कोण, कशासाठी आलात आणि तुम्ही प्रश्न विचारणार आहात याला समोरच्याची मान्यता. मालाचं वर्णन यात कुठेच नाही.

घरादाराच्या गप्पांबद्दल आपल्याकडे थोडं वेगळं आहे. कारखान्याचा शेठ कार्डावरचं आडनाव वाचून स्वतःच विचारतो, “कुठले तुम्ही?” आडनावावरून गाव आणि गावावरून बरंच काही काढायची आपली सवय सगळ्यांनाच रुचणारी नाही, मलाही नाही. पण शेठनं विचारलं तर तालुक्याचं नाव सांगून मोकळं व्हावं. आपण होऊन भिंतीवरच्या गणपतीची तारीफ करत बसू नये. शेठला रोज चारजण ती करून जातात.

आता ‘कशासाठी आलात’ हे सांगायचं तर त्या कारखान्याबद्दल काहीतरी ठाऊक असावं लागतं. ते गेटवर आणि रिसेप्शनमध्ये मिळतं. काचेच्या कपाटात बनवलेले सुटे भाग मांडलेले असतात. ते बिडाचे आहेत की ॲल्युमिनियमचे, हे नुसतं पाहून कळतं. शेडच्या बाजूला २१० लिटरचे रिकामे बॅरल पडलेले असतात, त्यावर सध्याच्या पुरवठादाराचं नाव असतं. (ते वाचावं, पण त्या पुरवठादाराला नावं ठेवू नयेत. त्याची निवड याच साहेबांनी केलेली असते.)

आणि आपल्या मालाचं दुखणं कुठे असतं हे ठाऊक असावं लागतं. कूलंटचं दुखणं म्हणजे वास. कूलंट हे पाण्यात मिसळून दुधासारखं झालेलं तेल. ते मशीनच्या टाकीतून फिरत राहतं, कापणारं टूल थंड ठेवतं आणि जॉबला गंजू देत नाही. मशीनच्या स्लाइडवरचं वंगण हळूहळू त्यात गळतं आणि वर तवंग धरतं. मशीन चालू असताना पंप सगळं ढवळत राहतो. सुट्टीला पंप बंद, वर तवंग, खाली हवा पोचत नाही. मग हवेशिवाय वाढणारे जिवाणू माजतात आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या शिफ्टला शेडमध्ये सडक्या अंड्याचा वास सुटतो. बाहेर हा वास सोमवारी सकाळी येतो. भोसरीत कित्येक कारखाने गुरुवारी बंद असतात, त्यामुळे इथे तो शुक्रवारी येतो. ऑपरेटर म्हणतात, कूलंट कुजलं. मग टाकी उपसायची, धुवायची, नवं भरायचं. तेवढा वेळ मशीन उभं. उपसलेलं कूलंट नाल्यात सोडता येत नाही, घातक कचरा म्हणून परवानाधारकाकडे द्यावं लागतं आणि त्याचेही पैसे मोजावे लागतात.

पंधरा दिवसांनी तोच पोरगा आणि दुसरा कारखाना. पुन्हा बिडाचंच काम, पण या वेळी समोर प्रॉडक्शनचे साहेब. कार्ड दिलं, साहेबांनी वाचलं, वर पाहिलं. पोरगा मराठीतच बोलला. “नमस्कार साहेब, मंगळवारी फोनवर बोललो तो मीच. आम्ही इथेच भोसरीत कूलंट बनवतो, मुख्यतः बिडाचं काम करणाऱ्या शॉपसाठी. बाहेर कपाटात तुमची हाउसिंग्ज पाहिली. अशा कामात टाकीत बारीक चुरा बसतो आणि सुट्टीनंतर कूलंट वास मारतं अशी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. तुमच्याकडे तसं आहे का, एवढंच आज समजून घ्यायचं होतं. पंधरा मिनिटं मिळतील का? म्हणजे चार प्रश्न विचारतो.”

घड्याळ लावून बोललात तर याला अर्धं मिनिट पुरतं. यात कंपनी एकाच वाक्यात संपली आहे. कुठे, काय आणि कोणासाठी. ‘कोणासाठी’ हा भाग पोरं हटकून गाळतात, कारण त्यांना वाटतं की बिडवाले म्हटलं तर ॲल्युमिनियमवाले हातचे जातील. पण समोर बिडवाला बसलाय. ‘बिडाचं काम करणाऱ्या शॉपसाठी’ या शब्दांनी पोरगा तेलवाल्यांच्या कप्प्यातून बाहेर आला. वासाचं वाक्यही त्यानं ‘तुमच्याकडे वास येतो’ असं म्हटलं नाही. परक्याच्या घरात शिरून घाण दाखवणाऱ्याला कोणी चहा देत नाही. ‘आम्ही नेहमी ऐकतो’ म्हटल्यावर कबूल करायचं की नाही हे साहेबांच्या हातात राहिलं.

हेच वाक्य परचेसच्या साहेबांपुढे चाललं नसतं. शेडमधला वास त्यांच्या टेबलापर्यंत येत नाही. त्यांना वर्षाला किती बॅरल लागतात आणि लिटरचा भाव कमी असूनही खप का वाढतो, हे विचारावं लागलं असतं. शेठपुढे उभ्या मशीनचे तास काढावे लागले असते.

साहेब काही क्षण बोलले नाहीत. मग विचारलं, “तुमचं घातलं की वास येणार नाही?” इथे भलीभली पोरं घसरतात. हा म्हणाला, “आत्ताच सांगता येणार नाही साहेब. कधी तेलाचा दोष असतो, कधी नुसतं पाणी टाकत गेल्यामुळे होतं. टाकी बघावी लागेल.”

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली आणि आम्ही शेडमध्ये गेलो. भेट लागली की नाही हे ओळखायची माझी खूण हीच. खुर्ची सरकते, किंवा मेंटेनन्सवाल्याला हाक जाते. नुसती मान डोलावणं आणि “छान, छान” यांवर मी कधी विसंबलो नाही.

पोरानं खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढून टाकीतला थेंब काचेवर घेतला. वाचन आलं २. त्या तेलाचा फॅक्टर १, म्हणजे पाण्यात तेल दोनच टक्के. लागतं पाचच्या आसपास. पातळी उतरली की ऑपरेटर नळी लावून साधं पाणी भरत होते. म्हणजे जुन्या पुरवठादाराचा माल वाईट नव्हता, आणि पोरानं ते तसंच सांगितलं. मला त्या क्षणी त्याचे कान धरावेसे वाटले हे कबूल करतो.

ऑर्डर त्या दिवशी मिळाली नाही. तशी ती कधीच मिळत नाही. कूलंट बदलायचं म्हणजे आधी एका मशीनवर ट्रायल, टाकी धुणं आणि काही महिने वाचनं घेणं. पहिल्या मिनिटाची मजल शेडच्या दारापर्यंतच. पुढे सगळं त्या टाकीत ठरतं.

परतताना साहेब गेटपर्यंत आले. पोराच्या हातात पास होता, सही राहिली होती. सही करता करता त्यांनी विचारलं, “कंपनी किती जुनी रे तुमची? लॅब वगैरे आहे का स्वतःची?”

पोरानं साल सांगितलं, लॅब आहे म्हणाला, आणि गप्प बसला.