गाडी मावेल, पण दार उघडेल का?

सोसायटीच्या नकाशात पार्किंगची जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब दिसते. पण खांबांखालच्या पार्किंगमध्ये प्रत्यक्ष मोकळी रुंदी बहुतेकदा त्याहून कमी भरते. म्हणून टेप घेऊन भिंत आणि खांब यांच्यातलं सर्वांत अरुंद अंतर मोजा, आणि तेही गाडीच्या दाराच्या उंचीवर. भिंतीलगतचा पाण्याचा पाइप, खांबाचं लोखंडी संरक्षण यांनी खाल्लेली जागा त्या मापात धरली गेलीच पाहिजे.

समजा, ही रुंदी २३५ सेंटिमीटर भरली. डावीकडे भिंत आहे, उजवीकडे खांब. ह्युंदाई क्रेटाची रुंदी १७९ सेंटिमीटर, म्हणजे ५६ उरले. भिंतीकडे दहा सोडले, आरसे मिटले, तर चालकाला ४६ मिळतात. मारुती वॅगन-आर १६२ सेंटिमीटर रुंद आहे. तिथे याच हिशेबाने ६३ उरतात. साधारण बांध्याच्या माणसाला नीट उतरायला ५५ ते ६० तरी लागतात. ४६ मध्ये अंग चोरून, आडवं होऊनच बाहेर यावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तर ६३ सुद्धा अपुरे, कारण त्याला दार पूर्ण उघडायला हवं. अशा घरात त्यांना आधी बाहेर उतरवण्याची सोय ठेवावीच लागते.

माहितीपत्रकातल्या रुंदीत आरसे सहसा धरलेले नसतात. उघड्या आरशांसह गाडी वीसेक सेंटिमीटर रुंद होते, आणि आत वळताना तीच रुंदी लागते.

दाराची गरज मात्र कागदावर कळत नाही. शोरूममध्ये दार पहिल्या टप्प्यावर अडेल इतकंच उघडा, बसा, उतरा. मग गाडीच्या अंगापासून दाराच्या टोकापर्यंतचं सरळ आडवं अंतर मोजा. जागेवर तेवढंच अंतर मोकळं हवं. लांब दाराला जास्त जागा लागते.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे खांब नेमका कुठे आहे ते पाहणं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. वरच्या जागेत गाडी सरळ आत घातली तर चालक खांबाच्या बाजूला येतो. मागे घेत लावली तर भिंतीच्या बाजूला. खांब जागेच्या तोंडाशी असेल, तर सरळ लावलेल्या गाडीत तो मागच्या चाकाजवळ येतो. चालकाचं दार त्याच्या पुढे, शेजारच्या जागेकडे उघडतं. शेजारची गाडी खांबाला चिकटून नसेल, तर हे दार ४६ पेक्षा बरंच जास्त उघडतं आणि क्रेटाही चालून जाते. खांब मधोमध असेल, तर दार त्याच्यावरच आपटेल.

म्हणून बुकिंगआधी खडूने जमिनीवर गाडीची चौकट आखा, चालकाच्या दाराची बिजागरी आणि टोक कुठे येतं ते खूण करा आणि खांब त्या दोन खुणांच्या मध्ये येतो का ते पाहा. लांबीही त्याच चौकटीत तपासून घ्या: क्रेटा ४३३ सेंटिमीटर आहे, आणि डिकी उघडून सामान काढायला मागे माणूस उभा राहील एवढी जागा उरायला हवी.