आकडे पडद्यावर, प्रश्न कसा असावा?

स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये, तसंच शाळेतल्या भूगोलाच्या तासालाही, आता प्रोजेक्टरवर तक्ता किंवा आलेख लावून त्यावर प्रश्न विचारले जातात. आकडे तेच असतात, पण प्रश्न कसा बेतला आहे त्यावर मुलं नुसती पडद्यावरून उतरवून घेतात की डोकं चालवतात हे ठरतं. महाराष्ट्राच्या लोकसंख्येची एक साधी स्लाइड घेऊन हे पाहू.

| जनगणना वर्ष | लोकसंख्या (कोटी) |
|---|---|
| १९८१ | ६.२८ |
| १९९१ | ७.८९ |
| २००१ | ९.६९ |
| २०११ | ११.२४ |

‘२०११ साली लोकसंख्या किती होती?’ हा प्रश्न सगळ्यात सोपा. ओळ शोधायची आणि आकडा सांगायचा. शिवाय ज्याला हा आकडा पाठ आहे, तो पडद्याकडे न बघताच उत्तर देईल. सुरुवातीला मुलांना तक्त्याची ओळख व्हावी म्हणून असा एखादा प्रश्न ठीक आहे, पण पाचही प्रश्न असेच असतील तर तक्ता लावून उपयोग काय?

आता हा प्रश्न बघा: ‘१९८१ ते ९१ आणि १९९१ ते २००१ यांपैकी कोणत्या दशकात वाढ जास्त झाली, आणि कोणत्या दशकात वाढीचा दर जास्त होता?’ पहिल्या दशकात १.६१ कोटी माणसं वाढली, दुसऱ्यात १.८० कोटी. म्हणजे वाढ दुसऱ्या दशकात जास्त. पण १.६१ ला ६.२८ ने भागलं तर दर सुमारे २६ टक्के येतो आणि १.८० ला ७.८९ ने भागलं तर सुमारे २३ टक्के. माणसं जास्त वाढली, तरी दर मात्र घसरला. असं कसं, हा प्रश्न मुलांना पडतो आणि खरी चर्चा तिथून सुरू होते. मूळ संख्याच मोठी झाली होती, हे त्यांना तक्त्यातूनच उमगतं.

पर्याय देतानाही असाच विचार लागतो. २००१ ते २०११ या दशकातला दर १६ टक्के. कच्चा विद्यार्थी वाढीला नव्या संख्येने, म्हणजे ११.२४ ने भागतो आणि १३.८ वर पोचतो. म्हणून १३.८ हा पर्याय हवाच. तो कुणी निवडला की चूक नेमकी कुठे झाली ते शिक्षकाला लगेच कळतं. १५.५ हा पर्याय मात्र ठेवू नये. ९.६९ ला १० धरून अंदाज करणारा हुशार विद्यार्थी त्याच आकड्यावर येतो, आणि त्याची पद्धत बरोबर असूनही गुण जातो.

हीच माहिती स्तंभालेखात मांडली की वेगळी अडचण येते. उभ्या अक्षावर दर दोन कोटींना रेघ असेल, तर मागच्या बाकावरून ९.६९ चा स्तंभ कुणाला ९.५ वाटेल आणि ११.२४ चा ११.५. पाव कोटीच्या आसपासचीच चूक, पण तेवढ्याने दर १६ वरून थेट २१ टक्क्यांवर जातो. म्हणून टक्केवारी काढायला सांगायची असेल तर तक्ता द्यावा किंवा स्तंभांच्या डोक्यावर आकडे लिहावेत. नुसत्या आलेखावर चढ-उताराचे, तुलनेचे प्रश्न विचारावेत.

उभा अक्ष कुठून सुरू होतो तेही बघावं. तो शून्याऐवजी आठ कोटींपासून सुरू केला, तर २०११ चा स्तंभ २००१ च्या जवळजवळ दुप्पट उंच दिसतो. प्रत्यक्षात वाढ १६ टक्क्यांची आहे. न कळत असा आलेख लावणं चूक. पण मुद्दाम लावून ‘लोकसंख्या खरंच दुप्पट झाली का?’ असं विचारलं, तर अक्ष वाचायची सवय लावणारा तो उत्तम प्रश्न ठरतो.

एक प्रश्न तक्त्याच्या मर्यादेवरही असावा. ‘२००१ ते २०११ मध्ये दर कमी झाला, त्याचं कारण काय?’ जन्मदर, स्थलांतर असे पर्याय दिले की मुलं आपल्या समजुतीनुसार उत्तर निवडतात. पण या चार ओळींत कारण कुठेच नाही. ‘दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही’ हेच इथे बरोबर उत्तर. मात्र हा पर्याय अधूनमधून इतर प्रश्नांतही चुकीचा पर्याय म्हणून द्यावा, नाहीतर तो दिसला की तेच उत्तर, हे मुलं लगेच ओळखतात.

स्लाइड तयार झाली की दोन गोष्टी तपासाव्यात. प्रश्न पुढच्या स्लाइडवर टाकला आणि तक्ता मागे राहिला, तर परीक्षा स्मरणशक्तीची होते. दोन्ही एकत्र हवेत आणि शेवटच्या बाकावरून वाचता यायला हवेत. मग तक्ता झाकून एखाद्या सहकाऱ्याला प्रश्न सोडवायला द्यावेत. तक्ता न बघता जो प्रश्न सुटेल, तो या स्लाइडवरून काढून टाकावा.