नुकसान त्यांचं, हसू आपलं

शाडनफ्रॉयडं हा जर्मन शब्द. ‘शाडन’ म्हणजे नुकसान, ‘फ्रॉयडं’ म्हणजे आनंद. दुसऱ्याचं वाईट झालेलं पाहून आपल्याला होणारा आनंद, हा त्याचा सरळ अर्थ. पण दुसऱ्याच्या नुकसानीतून मिळणारा प्रत्येक आनंद त्यात बसत नाही. कुठला बसतो, हे फुटबॉलमध्ये फार चांगलं कळतं.

जर्मनी आणि नेदरलँड्स यांचं मैदानावरचं वैर जुनं. 1974 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीने नेदरलँड्सला 2-1 असं हरवलं. त्या दिवशी जर्मन प्रेक्षकांनी केला तो विजयाचा जल्लोष. त्याला शाडनफ्रॉयडं म्हणता येणार नाही. आता 1 सप्टेंबर 2001 पाहा. डब्लिनमध्ये आयर्लंडने नेदरलँड्सला 1-0 असं हरवलं आणि पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाचं दार डच संघाला बंद झालं. जर्मनीचा गट वेगळा, म्हणजे या पराभवात जर्मनांचा हातही नव्हता आणि लाभही नव्हता. उलट त्याच दिवशी म्युनिकमध्ये इंग्लंडने त्यांचाच 5-1 असा धुव्वा उडवला होता. तरीही डच संघाविना होणाऱ्या विश्वचषकावर जर्मन चाहत्यांनी चिडवणारं गाणं मनसोक्त गायलं. हा शब्द बसतो तो इथे: नुकसान दुसऱ्याचं, ते करणारा तिसराच, आणि आपण फक्त प्रेक्षक.

वुर्झबर्ग विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी नेमकी हीच जोडी निवडली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात जर्मन चाहत्यांच्या चेहऱ्यावर इलेक्ट्रोड लावून त्यांना पेनल्टी किक दाखवल्या. जर्मन खेळाडूने गोल केल्यावर आणि डच खेळाडूचा नेम चुकल्यावर चेहऱ्याचे तेच स्नायू हलले, पण डच खेळाडू चुकल्यावरचं हसू जास्त झटपट आणि जास्त ठळक होतं. तरी स्नायू तेच असल्यामुळे नुसत्या चेहऱ्यावरून हा आनंद ओळखता येत नाही; प्रसंग पाहावा लागतो.

आपण स्वतः कुणाला पाडून हसलो, तर ती दुष्टाई किंवा सूड. ‘नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे’ या म्हणीतली बाईसुद्धा या शब्दात बसत नाही, कारण तिला ते नुकसान घडवूनच आणायचं आहे. आपण ‘बरी जिरली’ म्हणतो ते मात्र याच्या अगदी जवळचं. फक्त जिरायला आधी कुणाची तरी मिजास असावी लागते, आणि शाडनफ्रॉयडंला तेवढंही कारण लागत नाही. वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलाला गणितात कमी गुण मिळाले, एवढं पुरतं. तो साधा, मदतीला धावणारा असला तरी शेजारच्या बाकावरचा हेवा सुखावतो.

या आनंदाला मर्यादाही आहे. डच खेळाडूची पेनल्टी हुकली की जर्मन चाहता हसतो. तोच खेळाडू पाय मोडून स्ट्रेचरवरून बाहेर गेला, तर बहुतेकांचं हसू थांबतं. तेव्हाही जो हसतो, त्याच्यासाठी मराठीतला क्रूर हाच शब्द योग्य.