एकाच पत्रात हक्क आणि विनंती

कल्याणहून सीएसएमटीला जाणारी, हिशेब विभागात काम करणारी एक गरोदर नोकरदार बाई डोळ्यांसमोर आणा. ऑफिस साडेनऊ ते सहा. आठची लोकल, लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा नाही. चौथा महिना लागलाय आणि साहेबांना पत्र लिहायचंय. अशा पत्रात बहुतेकदा एकच चूक होते. सगळं काही ‘कृपया विचार व्हावा’ या एकाच सुरात लिहिलं जातं.

खरं तर या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी असतात. प्रसूती रजा हा कायद्याने दिलेला हक्क आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या नोकरीत किमान 80 दिवस काम झालेलं असलं, की पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. 1961 च्या कायद्यात 2017 साली झालेली ही दुरुस्ती आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. म्हणजे रजा कधीपासून घेणार, हे लेखी कळवायचं असतं.

कामाच्या बदललेल्या वेळांचं मात्र तसं नाही.

समजा, अपेक्षित तारीख 20 नोव्हेंबर आहे. रजा लवकरात लवकर 25 सप्टेंबरला सुरू होईल आणि 25 मार्चपर्यंत चालेल. मागणी केल्यास जड किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही, पण तो नियमही साधारण 9 सप्टेंबरपासून लागू होतो. घरून काम करण्याची कायद्यातली तरतूद रजेनंतरची आहे, तीही दोघांच्या संमतीने. जून ते ऑगस्ट या महिन्यांत वेळ बदलून देणं साहेबांच्या हातात आहे, म्हणून विनंतीचा भाग अधिक मेहनतीने लिहायला हवा.

तो असा लिहिता येईल: “मॅडम, 1 जून ते 24 सप्टेंबर या काळात मला साडेसात ते चार अशी वेळ मिळावी, ही विनंती. कामाचे तास तेवढेच राहतील. महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत हिशेब बंद करताना मी सहापर्यंत थांबेन. चारनंतरची तातडीची बिलं कोणी पाहायची, हे सहकाऱ्यांशी बोलून ठरवलं आहे. महिन्याभराने आपण पुन्हा बोलू.”

यात तारखा आहेत आणि मॅडमना पडणाऱ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही आहे. ‘डॉक्टरांनी सांगितलंय, जरा सांभाळून घ्या’ एवढंच लिहिलं, तर नेमकं काय मंजूर करायचं हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि उत्तर लांबत जातं.

रजेचा मजकूर वेगळ्या परिच्छेदात, डॉक्टरांच्या दाखल्यासह द्यावा. वेळेची विनंती नाकारली गेली तरी रजेच्या तारखांना त्याचा धक्का लागत नाही. बोलणं आधी समोरासमोर झालं असलं, तरी त्याच संध्याकाळी ईमेल करावा आणि एचआरलाही प्रत पाठवावी. साहेबांची बदली झाली, तर नव्या साहेबांना दाखवायला तोच ईमेल हाताशी राहतो.