पडद्याखालच्या दोन ओळी

चित्रपटाच्या तळाशी उमटणाऱ्या भाषांतराला जागा दोनच ओळींची. इंग्रजीच्या एका ओळीत मोकळ्या जागा धरून मावतात ४० ते ४२ अक्षरे. त्याहून कडक बंधन वेळेचे. वाचणारा सेकंदाला साधारण १५ अक्षरे वाचतो. म्हणजे तीन सेकंदांच्या बोलण्याला ४५.

आमच्या माहितीपटाच्या निवेदनात मी लिहिले होते : ‘बोनसची आशा दाखवून मालकाने शेवटी आमच्या तोंडाला पाने पुसली.’ भाषांतरकाराने विचारले, ‘कसली पाने?’ शब्दशः उतरवावे, तर परक्याला मालक खरोखरीच पाने घेऊन आमची तोंडे पुसताना दिसणार. अर्थ फोडून सांगावा, तर तोवर पडद्यावर दुसरेच दृश्य येते. मग मी लिहिले : ‘मालकाने बोनस कबूल केला. दिला नाही.’ इंग्रजीत ती ४४ अक्षरे झाली. एका वाक्याची एक ओळ. खरे सांगायचे तर मराठीतही ते अधिक झोंबले.

हे निवेदनापुरते. कामगार स्वतः कॅमेऱ्यापुढे तोच वाक्प्रचार बोलला, तर त्याला हात लावू नये. तो त्याचा संताप आहे. तिथे संहितेच्या समासात भाषांतरकारासाठी एवढेच लिहावे : ‘म्हणजे, आशा लावून फसवले.’