अहवाल देण्यापूर्वी मोठ्याने वाचा

संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ आणि राजवाडी येथे गरम पाण्याचे झरे आहेत. विज्ञान प्रकल्पासाठी तिकडील मुलांचे लक्ष त्यांच्याकडे जाणे साहजिकच आहे. समजा, अशा एका अहवालात पुढील वाक्य आले :

'आम्ही सर्व विद्यार्थ्यांनी मिळून अत्यंत काळजीपूर्वक केलेल्या निरीक्षणांवरून असे आढळून आले आहे की, तुरळ येथील जगप्रसिद्ध कुंडातील पाण्याचे तापमान हे सुमारे ६१.५ अंश सेल्सिअस इतके असून ते गंधकामुळे गरम होते व त्याने त्वचारोग बरे होतात.'

हे लिहिणाऱ्या मुलालाच मोठ्याने वाचायला सांगावे. 'आढळून आले आहे की' येईतो त्याचा दम संपतो, आणि कुंड तर अजून आलेलेच नसते! अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करावी. दुरुस्ती मात्र वाचन पुरे झाल्यावर.

मग खुणेजवळचा एकेक शब्द झाकून पाहावा. माहिती कमी होत नसेल तर तो खोडावा. 'मिळून', 'जगप्रसिद्ध', 'हे', 'इतके' असे गळतात. 'अत्यंत काळजीपूर्वक' याऐवजी काळजी कोणती घेतली ते लिहावे : तापमापकाचा फुगा पाण्यात ठेवूनच वाचन घेतले. 'सुमारे' मात्र सरसकट खोडू नये. कधी कधी तोच खरे सांगत असतो.

आता उरलेल्या प्रत्येक विधानासमोर समासात लिहावे : वही, पुस्तक की ऐकीव? येथे खरी कसोटी लागते. ६१.५ हा आकडा वहीत शोधला, तर तिथे ६१ आणि ६२ अशी दोन वाचने सापडतात. तापमापकावर खुणा एकेक अंशाच्या. म्हणजे अर्धा अंश कोणी पाहिलेलाच नाही, तो सरासरीतून आला. '६१ ते ६२ अंश' असे लिहिणे बरे. तापमापक बाहेर काढून वाचला असेल तर पारा तोवर उतरलेला असतो. तो आकडा भाषा सुधारून सुधारत नाही, पुन्हा कुंडावर जावे लागते.

गंधकाचे विधान ऐकीव निघते. कुंडाजवळ वास येतो म्हणून गंधक पाणी तापवतो, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात पावसाचे पाणी खडकातील भेगांतून खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा; तो पाण्याबरोबर येतो, पाणी तापवत नाही.

त्वचारोगांची तपासणी मुलांनी केलेली नाही. तेव्हा 'असे गावकरी सांगतात' एवढेच लिहावे.

उरते ते असे : 'तुरळच्या कुंडात फुगा बुडवून ठेवून दोनदा तापमान मोजले. ते ६१ व ६२ अंश सेल्सिअस आले. या पाण्याने त्वचारोग बरे होतात, असे गावकरी सांगतात. आम्ही ते तपासलेले नाही.' पुढे मोजणीची तारीख आणि वेळ हवी. मूळ वाक्यात ती नव्हतीच, आणि नसलेली गोष्ट मोठ्याने वाचूनही ऐकू येत नाही. त्यासाठी शेवटचे वाचन प्रकल्पाबाहेरच्या मुलाने ऐकावे आणि प्रश्न विचारावेत.