सांत्वनाच्या पत्रासोबतचा दुसरा कागद
कारखान्याची कागदपत्रे : लेखांक 9

बमरोलीतल्या लूमच्या खात्यात काम करणारा खानदेशी कारीगर गेला, की अनेकदा त्याच रात्री गाडी करून त्याला गावी नेतात. दहावा-तेरावा तिकडेच होतो. शेठ फोन करतो, मास्तर एक-दोन कारीगरांना घेऊन भेटून येतो, खात्यात वर्गणी निघते. घरच्यांच्या हाती एक पाकीट पडते. ते पाकीट म्हणजे शिल्लक पगार, उसनवारी, मदत की हक्काची रक्कम, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. कारखान्याचे पत्र आलेच तर त्यात ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ एवढेच असते.

पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या या भागात नंदुरबार, धुळे, जळगावकडची हजारो माणसे लूमवर, डाइंगमध्ये, पॅकिंगमध्ये राबतात. त्यांपैकी ज्यांची नावे हजेरीपटावर आहेत आणि ज्यांचा पीएफ कापला जातो, त्यांच्या घरी जाणाऱ्या पत्राबद्दल हा लेखांक आहे. पटावर नाव नसलेल्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. त्यासाठी स्वतंत्र लेखांक लागेल.

एक नमुना घेऊ. वय 38, विव्हिंग विभागात 11 वर्षे 7 महिने नोकरी. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 15,000 रुपये, हातात येणारे इतर भत्ते धरून 18,000. सुट्टीवर गावी गेला असताना हृदयविकाराने मृत्यू. मागे पत्नी, शाळेत जाणारी दोन मुले आणि त्याच्यावर अवलंबून असलेली आई. त्याला सुरतेत आणणारा थोरला भाऊ त्याच कारखान्यात आहे.

पत्र कुणाच्या नावाने काढायचे, इथेच पहिली चूक होते. समोर भाऊ असतो, फॉर्मवर भावाचे नाव असते, म्हणून पत्र भावाच्या हाती जाते. पण पीएफमधले नामनिर्देशन लग्नाआधीचे असेल, त्या वेळी कुटुंब नाही म्हणून भावाचे नाव लिहिले असेल, तर लग्न होताच ते आपोआप रद्द ठरते. ग्रॅच्युइटीलाही हाच नियम आहे. नवे नामनिर्देशन भरलेले नसेल, तर पीएफची रक्कम पत्नी, अज्ञान मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांच्यात सारखी वाटली जाते. या नमुन्यात आईचाही वाटा आहे, भावाचा नाही. पेन्शनसाठी तर पत्नी आणि मुले यांचाच हक्क पहिला. तेव्हा पत्र पत्नीच्या नावाने, साधे ‘श्रीमती’ लिहून, गावच्या पत्त्यावर टपालानेच जायला हवे. नोंदणी टपाल 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. स्पीड पोस्टाची पावती आणि पत्राची प्रत कार्यालयाने फाइलला लावावी. भावाच्या हाती दुसरी प्रत द्यायला हरकत नाही.

मूळ पत्र एका पानाचे पुरे. त्यात हिशेबाचा एकही आकडा नको, आणि माणसाबद्दलचे एखादे तरी वाक्य असे हवे, की जे दुसऱ्या कुणाच्या पत्रात चालणार नाही. ते वाक्य मास्तरला विचारून मिळते, कार्यालयाच्या नमुन्यात मिळत नाही. उदाहरणार्थ :

‘श्रीमती … यांस, आपले पती आमच्याकडे 11 वर्षे 7 महिने विव्हिंग विभागात होते. रात्रपाळीला एखादा लूम अडला की आधी त्यांना हाक जाई. त्यांच्या जाण्याचे आम्हा सर्वांना मनापासून दुःख आहे. आपल्याला मिळायच्या रकमांची माहिती सोबतच्या कागदावर दिली आहे. त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नयेत आणि कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा करू नये. काही विचारायचे असल्यास आमच्या कार्यालयातील … यांना फोन करावा.’

शेवटची वाक्ये काही मालकांना बोचतात. पण दलाल बाराव्याच्या आधीच दारात येतो. त्याच्याआधी ही वाक्ये पोचलेली बरी.

आता दुसरा कागद. त्यात सगळ्या रकमा एका दमात ओतल्या की घरचे गोंधळतात. कारखान्याने स्वतः द्यायचे पैसे एकीकडे आणि घरच्यांनी अर्ज करून सरकारी कार्यालयातून घ्यायचे पैसे दुसरीकडे, एवढी वाटणी केली तरी निम्मे काम होते.

कारखान्याने द्यायचे म्हणजे शिल्लक पगार, शिल्लक हक्काच्या रजेचे पैसे, देय असेल तर बोनस, आणि यातली मोठी रक्कम म्हणजे ग्रॅच्युइटी. पाच वर्षे पूर्ण झाली नाहीत म्हणून ग्रॅच्युइटी नाही, असे मृत्यूच्या बाबतीत म्हणता येत नाही. ती अट तिथे लागूच नाही. हिशेब सोपा आहे. महिन्याच्या 15,000 ला 26 ने भागायचे, 15 ने गुणायचे, म्हणजे एका वर्षाचे साधारण 8,654 रुपये आले. सहा महिन्यांच्या वर गेलेले वर्ष पूर्ण धरतात, म्हणून 11 वर्षे 7 महिन्यांची 12 वर्षे झाली. एकूण 1,03,846 रुपये. हा गुणाकार या दुसऱ्या कागदावर मांडूनच दाखवावा, नुसता आकडा देऊ नये. शाळेत जाणारे पोरही तो पडताळू शकते. रक्कम 30 दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासह. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावरही हा 15 आणि 26 चा हिशेब तसाच आहे. फरक ‘पगार’ कशाला म्हणायचे यात पडला. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग पगारात धरावा लागतो. बेसिक मुद्दाम बारीक ठेवून ग्रॅच्युइटी वाचवायची जुनी युक्ती त्यामुळे अडचणीत आली आहे.

दुसऱ्या बाजूच्या रकमा भविष्य निर्वाह निधी कार्यालयातून येतात आणि तिथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पीएफची शिल्लक सगळ्यांना माहीत असते. पेन्शन थोड्यांना माहीत असते. विमा जवळजवळ कुणालाच माहीत नसतो, कारण त्याचा हप्ता कारीगराच्या पगारातून कापलाच जात नाही, मालक भरतो. पगाराच्या चिठ्ठीवर तो दिसत नाही, म्हणून घरच्यांच्या बोलण्यातही येत नाही. 1976 पासून चालू असलेल्या या योजनेला कार्यालयात ‘ईडीएलआय’ म्हणतात. तिचा हिशेब असा : शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी पगाराची 35 पट, आणि त्यात त्या काळातल्या पीएफच्या सरासरी शिलकेचा निम्मा भाग. पगार 15,000 पर्यंतच धरतात, शिलकेचा भाग 1,75,000 पर्यंतच, आणि एकूण मर्यादा 7 लाख. आपल्या नमुन्यात 35 पट म्हणजे 5,25,000. पीएफची सरासरी शिल्लक 3 लाख धरली तर तिचा निम्मा 1,50,000. मिळून 6,75,000 रुपये.

ग्रॅच्युइटीच्या सहापटीहून जास्त असलेली ही रक्कम अनेक सांत्वनपत्रांत नसतेच. तिच्याबद्दल एक गैरसमजही पक्का बसलेला आहे. ‘तो ड्यूटीवर कुठे गेला? गावी गेला ना, मग विमा कसला?’ असे मास्तरपासून सरपंचापर्यंत सगळे सांगतात. नोकरीत असताना मृत्यू म्हणजे पाळीवर असताना मृत्यू नव्हे. नाव पटावर असले की झाले. माणूस सुट्टीवर असो, आजारी असो. 2025 च्या बदलानंतर शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मृत्यू झाला आणि नाव पटावरून कमी केलेले नसेल, तरीही विमा मिळतो. म्हणून गावी गेलेल्या कारीगराचे नाव घाईने कमी करणारा क्लार्क त्याच्या बायकोचे लाखो रुपये घालवू शकतो. तसेच पीएफच्या पोर्टलवर नोकरी संपल्याचे कारण भरताना ‘डेथ इन सर्व्हिस’ हेच निवडायला हवे. तिथे नोकरी सोडली असे काही भरले गेले, तर विम्याचा दावा अडतो आणि दुरुस्तीत महिने जातात.

पेन्शनला दहा वर्षांची अट आहे असे समजून काही घरे अर्जच करत नाहीत. ती अट जिवंत सभासदाच्या पेन्शनची. नोकरीतल्या मृत्यूनंतर एका महिन्याची वर्गणीही पुरते. पत्नीला किमान 1,000 रुपये महिना, आणि दोन मुलांना प्रत्येकी तिच्या पेन्शनचा चौथा हिस्सा, वयाच्या 25 वर्षांपर्यंत. या कागदावर पेन्शनचा नेमका आकडा मात्र लिहू नये. तो पीएफ कार्यालय ठरवते, आणि कारखान्याने लिहिलेला आकडा चुकला तर घरच्यांना कुणीतरी खाल्ले असेच वाटते.

एकूण पगार 21,000 च्या आत आहे, म्हणजे हा कारीगर ईएसआयमध्येही होता. तिथून अंत्यविधीचे 15,000 रुपयांपर्यंत मिळतात, पण अर्ज तीन महिन्यांत करावा लागतो. मृत्यू कामावरच्या अपघाताने झाला असता, तर ईएसआय सरासरी रोजाच्या 90 टक्के दराने आश्रितांना मासिक लाभ देते. ईएसआय नसलेल्या कामगाराच्या अपघाती मृत्यूची भरपाई मालकाने सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. ती विधवेच्या हातात रोख दिली आणि ‘सर्व मिळाले’ असा कागद करून घेतला, तर कायदा तिला भरपाई दिली असे मानत नाही. सचिन औद्योगिक वसाहतीत 6 जानेवारी 2022 ला टँकरमधून सोडलेल्या रसायनाच्या वायूने सहा कामगार गेले होते. अशा वेळी सरकारी मदतीच्या घोषणा होतात. ती मदत वेगळी आणि ही भरपाई वेगळी, हेही कागदावर लिहावे लागते.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त खोळंबा मृत्यूच्या दाखल्याने होतो. मृत्यू जिथे झाला तिथेच तो नोंदवला जातो, अग्नी कुठे दिला याला महत्त्व नाही. आपल्या नमुन्यातल्या माणसाचा दाखला त्याच्या गावच्या ग्रामपंचायतीत मिळेल. बमरोलीत खोलीवर मृत्यू झाला असता, तर अंत्यविधी गावी होऊनही दाखला सुरत महानगरपालिकेचा लागला असता. 21 दिवसांत नोंद विनाशुल्क होते. दाखला, आधार आणि बँकेचे पासबुक यांवरची नावे जुळतात का, हे पत्र लिहिणाऱ्यानेच आधी फोनवर विचारून घ्यावे. ‘बाई’ एका कागदावर आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यानेही दावा परत येतो. मुलांच्या पेन्शनसाठी त्यांची खातीही लागतात.

कागदाच्या तळाशी एक ओळ कारखान्याशी संबंध नसलेलीही असावी. पतीच्या पासबुकात मे अखेरीस किंवा जूनमध्ये 436 रुपये वजा झालेले दिसतात का ते पाहावे. तो पंतप्रधान जीवनज्योती विम्याचा हप्ता असतो, आणि त्याचे 2 लाख बँकेकडे मागावे लागतात. शेजारी 20 रुपयांची वजावट असेल तर ती अपघात विम्याची. तिचा उपयोग अपघाती मृत्यूतच होतो.

सुरतेत राहणाऱ्या वाचकांनी या आठवड्यात आपल्या पीएफ खात्यात नामनिर्देशन कुणाचे आहे ते उघडून पाहावे. लग्नाआधीचे असेल तर ते बदलून घ्यावे, आणि युएएन क्रमांक गावी पत्नीकडे लिहून द्यावा. पुढच्या लेखांकात पटावर नाव नसलेल्या कारीगराच्या नोकरीचा पुरावा कसा जमवायचा, ते पाहू.